सात ऑक्टोबरचे पैसे कुठून आले?

हे प्रकरण बेळगावातल्या एका शेअर ब्रोकरचे आहे. मुख्य कार्यालय शहरात, निपाणी आणि खानापूरला अधिकृत व्यक्ती म्हणजे ज्यांना आपल्याकडे अजून सगळे ‘सबब्रोकर’च म्हणतात ते, आणि सीमेपलीकडे चंदगडलाही एक. रोखीच्या बाजारात हे स्वतःच सेटलमेंट करायचे, फ्युचर-ऑप्शनसाठी एका मोठ्या क्लिअरिंग मेंबरमार्फत, म्हणजे दुसऱ्या ब्रोकरांचे सौदे सेटल करून देणाऱ्यामार्फत जायचे. त्यांच्या सहामाही अंतर्गत लेखापरीक्षणाचे काम माझ्याकडे होते. फर्मचे नाव देत नाही. आकडे लाखांत पूर्ण करून घेतले आहेत आणि माणसे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

सहामाही होती एप्रिल ते सप्टेंबर २०२२. अहवाल एक्स्चेंजकडे ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचा. दसरा ५ ऑक्टोबरला झाला आणि मी त्यानंतरच्या आठवड्यात कामाला बसलो. बसल्या बसल्या हिशेब बघणारे अण्णा खुशीत म्हणाले, “साहेब, यंदा काही सापडणार नाही बघा. सात तारखेला सगळ्यांचे पैसे एका दिवसात दिलंय की ओ. एकाचंही थकलं नाही.”

ते खरे होते. तोवर तिमाही किंवा मासिक रनिंग अकाउंट सेटलमेंट, म्हणजे ग्राहकांचे पडून असलेले पैसे त्यांना परत करणे, ब्रोकर आपापल्या सोयीने करत. कुणाचे पाच तारखेला, कुणाचे पंधराला. सेबीने १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम बदलला आणि तिमाहीच्या किंवा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्यांचे पैसे परत करायचे ठरले. असा पहिलाच शुक्रवार ७ ऑक्टोबर. त्या दिवशी या फर्मने ग्राहकांच्या बँक खात्यांत १७१ लाख रुपये पाठवले होते. एनईएफटीच्या याद्या, बँकेचे उतारे, ग्राहकांना गेलेली स्टेटमेंट, सगळे जागेवर.

मला मात्र ३० सप्टेंबरचा बँक उतारा आठवत होता. ग्राहकांच्या सगळ्या खात्यांत मिळून त्या दिवशी १२३ लाख होते. मग सात तारखेला १७१ कुठून आले? मधल्या दिवसांत कुणी शेअर विकले असतील, कुणी नवे पैसे भरले असतील, हे मान्य. पण रोजचा पे-इन, म्हणजे ग्राहकांच्या खरेदीचे बाजाराला द्यायचे पैसे, तोही त्याच खात्यातून जातो. प्रश्न साधा होता आणि उत्तर बँकेच्या उताऱ्यात होते, पण तिथे जायच्या आधी मी ३० सप्टेंबरचा तक्ता नीट उलगडायचे ठरवले.

तक्ता काय सांगत होता

ग्राहकाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा हा नियम सेबीने १९९३ सालीच घातला आहे. पण वेगळे खाते उघडले म्हणजे पैसा वेगळा राहिला असे होत नाही, कारण त्या खात्यात शेकडो ग्राहकांचा पैसा एकत्र असतो. एकाचा पैसा दुसऱ्यासाठी गेला तरी खात्याच्या पाटीवर ‘क्लायंट अकाउंट’च लिहिलेले असते. सप्टेंबर २०१६ च्या परिपत्रकाने म्हणून एक बेरीज-वजाबाकी दिली:

```
G = (A + B) - C
```

A म्हणजे ग्राहकांच्या सगळ्या बँक खात्यांतली शिल्लक, सेटलमेंट खाते धरून. B म्हणजे सौदे पुरे होण्याची हमी घेणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे आणि क्लिअरिंग मेंबरकडे ठेवलेली रोख, एफडी, बँक गॅरंटी वगैरे. C म्हणजे ज्या ग्राहकांचे ब्रोकरकडे पैसे येणे आहेत अशा सगळ्यांच्या जमा शिलकांची बेरीज. हातात असलेले आणि मार्जिन म्हणजे सौद्यांची अनामत म्हणून पुढे ठेवलेले मिळून, देणे असलेल्यापेक्षा कमी भरले तर G उणे येतो. तेवढा पैसा कुठेतरी वापरला गेलेला असतो.

फर्मच्या तक्त्यात A १४२ लाख, B २१० लाख आणि C ३३८ लाख होते. G अधिक १४. अण्णांची खुशी याच चौदा लाखांवर उभी होती.

पहिली गोष्ट A मध्येच दिसली. बँकेने मला थेट पाठवलेल्या शिलकेच्या पत्रात १२३ लाख होते आणि तक्त्यात १४२. मधले १९ लाख म्हणजे ग्राहकांनी २९ आणि ३० तारखेला भरलेले चेक. बँकेत टाकलेले, पण न वटलेले. अण्णांनी शिल्लक बँकेच्या उताऱ्यावरून न घेता आपल्या बँक बुकावरून घेतली होती. एवढ्याने चूक झाली असे नाही, बँक बुकावरून घेतली आणि C तेवढाच ठेवला असता तर बेरीज जुळली असती. पण C काढताना सॉफ्टवेअर न वटलेले चेक ग्राहकाच्या जमेतून वजा करते, नियमही तसाच आहे. म्हणजे एकाच चेकचा फायदा दोन्हीकडून घेतला गेला, इकडे पैसा आला म्हणून धरला आणि तिकडे अजून आला नाही म्हणून देणे कमी केले. ग्राहकांना पैसे द्यायला चेक वापरत नसल्याने उलट बाजूची दुरुस्ती काही नव्हती. A १२३ वर आला आणि G उणे ५ वर.

अण्णांना हे पटायला दहा मिनिटे लागली. पटल्यावर ते गप्प झाले आणि मागच्या महिन्यांची फाईल काढून बघत बसले. हा माणूस काही लपवत नाही, हे मला तिथेच कळले.

दुसरी गोष्ट बँक गॅरंटी. B मधले २१० लाख म्हणजे ६० लाख रोख, १०० लाखांच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या नावे लियन केलेल्या, म्हणजे तारण ठेवलेल्या एफडी आणि ५० लाखांची गॅरंटी. ही गॅरंटी घेताना बँकेने निम्म्याच रकमेची एफडी मार्जिन म्हणून घेतली होती, उरलेल्या निम्म्याला मालकाची जागा तारण. परिपत्रक सांगते की गॅरंटीचा जेवढा भाग रोख पैसे ठेवून मिळाला तेवढाच धरायचा. म्हणजे २५ लाख. उरलेले २५ हा बँकेचा शब्द आहे. तो क्लिअरिंग कॉर्पोरेशनला मार्जिन म्हणून चालतो, पण ग्राहकाला परत द्यायला त्यातून एक रुपया निघत नाही. B १८५ झाला, G उणे ३०.

शुक्रवारची खरेदी

तिसरी गोष्ट सांगायला जरा जागा लागेल, कारण ही चूक मी बऱ्याच ब्रोकरांकडे पाहिली आहे आणि ती चुकीसारखी दिसत नाही.

उद्यमबागेत फौंड्री चालवणारे एक ग्राहक होते. ते फक्त रोखीत शेअर घेतात, ऑप्शनच्या वाटेला जात नाहीत. २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांच्या लेजरला ३१ लाख जमा होते. शुक्रवारी ३० तारखेला त्यांनी ९ लाखांचे शेअर घेतले. बॅक ऑफिसचे सॉफ्टवेअर बिल त्याच दिवशी लेजरला टाकते, म्हणून संध्याकाळी लेजर २२ लाख दाखवत होते. पण तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या शेअरचे सेटलमेंट अजून सौद्यानंतर दोन दिवसांनी व्हायचे (टी+१ पूर्णपणे लागू झाले ते २७ जानेवारी २०२३ ला). शुक्रवारच्या खरेदीचा पे-इन मंगळवारी, ४ ऑक्टोबरला. म्हणजे शुक्रवारी रात्री ते ९ लाख ब्रोकरकडेच होते, कुठेही गेलेले नव्हते. त्या रात्रीचा हिशेब मांडताना फौंड्रीवाल्यांचे ३१ लाखच धरायला हवेत.

विक्रीचे उलट. शुक्रवारी कुणी शेअर विकले तर लेजरला जमा दिसते, पण पैसा मंगळवारी येणार, म्हणून ती जमा C मधून काढायची. यालाच ‘ओपन बिल’ची दुरुस्ती म्हणतात आणि ती दोन्ही बाजूंनी करावी लागते.

सॉफ्टवेअरमध्ये तिला दोन खुणा होत्या, एक विक्रीची आणि एक खरेदीची. विक्रीची केलेली होती, खरेदीची नव्हती. परिणाम असा की C ज्याने कमी होतो ती दुरुस्ती होत होती आणि ज्याने वाढतो ती होत नव्हती. कुणी मुद्दाम केले का? सॉफ्टवेअर बसवणाऱ्या मुलाने जी खूण करून दिली ती तशीच राहिली, एवढेच मला कळू शकले. मात्र तक्ता नेहमी अधिकच येतो याचे आश्चर्य कुणालाही वाटले नव्हते. गुरुवार-शुक्रवारच्या अशा खरेद्या मिळून २७ लाख झाल्या. G उणे ५७.

एका घरातले बाप-लेक

चौथी गोष्ट शोधायला मला दोन दिवस लागले. लेजरच्या यादीतल्या जमांची बेरीज मी स्वतः केली आणि ती तक्त्याच्या C शी जुळेना. २१ लाखांचा फरक. यादी एका पद्धतीने काढली की एक आकडा, दुसऱ्या पद्धतीने काढली की दुसरा.

सॉफ्टवेअरमध्ये ‘फॅमिली कोड’ होता. एका घरातली चार माणसे एका कोडखाली टाकली की स्टेटमेंट एकत्र निघते आणि ब्रोकरेजची सवलत एकत्र बसते. सोय म्हणून ठीक आहे. पण C काढणारा रिपोर्टही याच कोडवर चालत होता आणि घरातल्या एकाची जमा दुसऱ्याच्या नावेतून वळती करून निव्वळ आकडा घेत होता.

खानापूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे १३ लाख जमा. त्यांचा मुलगा बेंगळूरला नोकरीला, त्याच्या खात्यात १२ लाख नावे, म्हणजे तेवढे त्यानेच फर्मला द्यायचे. रिपोर्टमध्ये या घराचे येणे फक्त १ लाख. मास्तरांचे १२ लाख कागदावरून नाहीसे झाले होते. मास्तरांना मुलगा ऑप्शन करतो हेही ठाऊक नसावे, निदान त्यांच्याकडून तशी संमती कुठे लिहून घेतलेली दिसली नाही. आणि संमती असती तरी चालले नसते. रनिंग अकाउंट सेटल करताना एका ग्राहकाचे दुसऱ्यात वळते करायचे नाही, हे सेबीने २००९ च्या परिपत्रकातच म्हटले आहे. C ही फक्त जमांची बेरीज आहे. नावे शिलका वेगळ्या, D मध्ये.

अशी आणखी पाच घरे सापडली. मास्तरांचे १२ आणि बाकीच्यांचे ९ मिळून २१. आता C ३८६ झाला:

```
G = (123 + 185) - 386 = -78
```

चौदा लाख अधिक होते ते अठ्ठ्याहत्तर लाख उणे झाले. नावे शिलकांची बेरीज D फर्मच्या तक्त्यात ७५ होती, तीही २१ ने वाढून ९६ झाली.

इथे परिपत्रकाची पुढची पायरी येते. उणे G हा D पेक्षा लहान असेल तर जमा असलेल्या ग्राहकांचा पैसा नावे असलेल्या ग्राहकांसाठी वापरला गेला असे धरायचे. मोठा असेल तर वरचा भाग ब्रोकरने स्वतःसाठी वापरला. इथे ७८ हे ९६ पेक्षा कमी. सूत्राच्या भाषेत मालकाने स्वतःसाठी काही घेतले नव्हते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर ९६ आणि ७८ यांतला फरक १८ लाख. या सगळ्या पसाऱ्यात मालकाचा स्वतःचा पैसा निव्वळ एवढाच होता. हा अठराचा आकडा मी वहीत वेगळा लिहून ठेवला. पुढे उपयोगी पडला.

चाळीस लाखांचे मार्जिन

मे २०२२ पासून ब्रोकरला आणि क्लिअरिंग मेंबरला प्रत्येक ग्राहकाच्या नावावर किती मार्जिन ठेवले आहे ते रोज वाटून दाखवावे लागते. ग्राहकालाही ते क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या पोर्टलवर बघता येते, बघणारे थोडे. लेखापरीक्षकासाठी ही फाईल फार कामाची. ग्राहकाचे लेजर एका बाजूला ठेवायचे, त्याच्या नावावर वाटलेली रोख दुसऱ्या बाजूला, आणि ज्याच्या नावावर त्याच्या स्वतःच्या जमेपेक्षा जास्त रोख दाखवली आहे अशी नावे वेगळी काढायची.

३० सप्टेंबरच्या फाईलमध्ये असे एकच मोठे नाव निघाले. ६० लाख रोखीपैकी ४० लाख एका ग्राहकाच्या नावावर वाटलेले आणि त्याचे लेजर ५२ लाख नावे. ज्याने फर्मला बावन्न लाख द्यायचे आहेत त्याच्याच नावावर चाळीस लाख रोख मार्जिन! उलट फौंड्रीवाल्यांचे ३१ लाख जमा आणि त्यांच्या नावावर मार्जिनमध्ये शून्य. त्यांना मार्जिन लागतच नाही, म्हणून शून्य असायला हरकत नाही. पण मग त्यांचा पैसा बँक खात्यात पडून असायला हवा होता.

मी मालकांना विचारले. ते म्हणाले, “सीए साहेब, ते चाळीस माझे आहेत. मी माझे पैसे त्याच्या नावावर लावलेत.”

मी वहीतला अठराचा आकडा दाखवला. सगळ्या खात्यांत, सगळ्या एफडीत मिळून तुमचे अठरा लाख आहेत, मग चाळीस कुठून लावले? एफडी फर्मच्या नावाच्या आहेत हे त्यांचे पुढचे म्हणणे. दोन्ही एफडी ज्या दिवशी काढल्या त्या दिवशी पैसे सेटलमेंट खात्यातून गेले होते, उतारा समोरच होता. एफडी कुणाच्या नावाची यावरून पैसा कुणाचा हे ठरत नाही.

हा बावन्न लाखांचा ग्राहक कोण ते मला अण्णांनी सांगितले नाही. केवायसीच्या कागदांत पत्ता बघितला तर मालकांच्याच गल्लीतला. चुलतभाऊ. त्याने सप्टेंबरमध्ये फ्युचर घेऊन ठेवले होते, दुसऱ्या पंधरवड्यात बाजार खाली आला आणि रोजचा तोटा सेटलमेंट खात्यातून भरला गेला. नावे शिल्लक पाच व्यवहारदिवसांच्या वर गेली की त्या ग्राहकाला नवे सौदे करू द्यायचे नाहीत असा नियम आहे. नावेचे वय काढले तर १९ सप्टेंबरपासून हे खाते सलग नावे होते आणि तरी २९ तारखेला ऑक्टोबरचे नवे सौदे घातलेले. अशा वेळी इतर ग्राहकांचे सौदे टर्मिनलवर आपोआप अडतात. याचे अडले नव्हते, कारण त्याच्या कोडची मर्यादा हाताने वाढवलेली होती आणि ती कुणी वाढवली हे टर्मिनलच्या नोंदीत होते.

सूत्राची मर्यादा इथे दिसते. सूत्राला नातेवाईक कळत नाही. चुलतभाऊ कागदोपत्री ग्राहक असल्याने त्याची नावे शिल्लक D मध्ये बसते आणि निष्कर्ष निघतो की मालकाने स्वतःसाठी काही वापरले नाही. मी अहवालात सूत्राचा निष्कर्ष जसाच्या तसा दिला. शेजारी हे खाते, नाते, नावेचे वय आणि हाताने वाढवलेली मर्यादा हे चार मुद्दे वेगळे मांडले. तो पैसा ‘मालकाचाच वापर’ म्हणायचा का हे ठरवायचा अधिकार एक्स्चेंजचा. मी तसे लिहिले असते तर माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि नुसते सूत्र लिहून सोडले असते तर मी अर्धे खोटे लिहिले असते.

परत सात तारखेकडे

आता १७१ लाख कुठून आले ते बघायची वेळ आली. ऑक्टोबर माझ्या सहामाहीत येत नाही, हे मालकांनी लगेच लक्षात आणून दिले. बरोबर आहे, पण ३० सप्टेंबरची शिल्लक खरी होती का हे ऑक्टोबरात काय झाले यावरून तपासायला कुणी अडवत नाही.

उताऱ्यात ४ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फर्मच्या स्वतःच्या खात्यातून ग्राहक खात्यात ८५ लाख आले होते. फर्मच्या खात्यात ते त्याच सकाळी आले, ५० लाख घर तारण ठेवून घेतलेल्या ओडीतून, म्हणजे बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून, आणि ३५ लाख एका पतसंस्थेकडून. सात तारखेला १७१ लाख ग्राहकांना गेले. आठ-नऊ शनिवार-रविवार. सोमवारी आणि मंगळवारी ग्राहकांनी पुन्हा सौदे करायला ९२ लाख परत भरले. हे दर सेटलमेंटला होते, लोकांना पैसे मिळतात आणि तेच लोक दोन दिवसांत परत भरतात. आणि मग ११ तारखेला ४५ लाख, १२ तारखेला ३५ लाख, असे ८० लाख ग्राहक खात्यातून फर्मच्या खात्यात गेले. नोंदीत लिहिले होते ‘ब्रोकरेज व चार्जेस’.

ग्राहक खात्यातून ब्रोकरने आपल्या खात्यात पैसे घ्यायचे ते ब्रोकरेज आणि ग्राहकाकडून येणे झालेल्या खर्चापुरते. मी ब्रोकरेजचे रजिस्टर मागवले. त्या पंधरवड्याचे ब्रोकरेज आणि सगळे चार्जेस मिळून ३ लाख ४० हजार होते. ऐंशी लाखांची नोंद साडेतीन लाखांच्या शीर्षाखाली. कुठल्याही ब्रोकरचे ग्राहक खाते तपासताना मी हा पडताळा आधी लावतो, कारण तो एका दुपारचा आहे. महिनाभरात ग्राहक खात्यातून स्वतःच्या खात्यात गेलेल्या रकमांची बेरीज एकीकडे आणि ब्रोकरेजचे रजिस्टर दुसरीकडे ठेवायचे.

मालकांचा युक्तिवाद जोरकस होता. “मी माझे पंच्याऐंशी घातले, माझेच ऐंशी काढले. पाच उलट जास्तच ठेवलेत. कुणाचे काय गेले?”

त्यांना कागदावर मांडून दाखवले. ३० तारखेला G उणे ७८. त्यात तुम्ही ८५ घातले, G अधिक ७. सात तारखेला १७१ लाख वाटले, पण त्याने A १७१ ने कमी झाला आणि C ही १७१ ने कमी झाला. G तिथेच, अधिक ७. ग्राहकांनी ९२ भरले, A आणि C दोन्ही ९२ ने वाढले. G अजून अधिक ७. मग तुम्ही ८० काढले. या वेळी फक्त A कमी झाला. G उणे ७३. तुम्ही घातलेले पैसे खड्ड्यात गेले होते. काढले ते सोमवारी-मंगळवारी ग्राहकांनी भरलेले होते. तुमचे म्हणता येतील असे त्या खात्यात सातच लाख होते.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे सगळ्यांचे पैसे दिले त्याला काही किंमत नाही?”

या प्रकरणातली सगळ्यात चकवणारी गोष्ट हीच आहे आणि मालकांनी नेमकी ती पकडली होती. ग्राहकांना पैसे परत देण्याने G हलतच नाही. वेळेवर झालेले सेटलमेंट एवढेच सांगते की त्या दिवशी खात्यात पुरेशी रोख होती. ती कुणाची होती हे त्यातून कळत नाही.

जाता जाता एक गंमत. चंदगडच्या ग्राहकाने शेअर घेतला तर मुद्रांक शुल्क महाराष्ट्राला जाते, खानापूरच्या ग्राहकाने घेतला तर कर्नाटकाला. २०२० च्या जुलैपासून खरेदीदाराच्या पत्त्यावरून ते आपोआप वाटले जाते आणि या फर्मचा तो हिशेब पैशापर्यंत बिनचूक निघाला. ज्या हिशेबावर बाहेरच्या कुणाची रोज नजर असते तो चुकत नाही.

पुढे काय झाले

मी अहवालात चारही दुरुस्त्या वेगवेगळ्या दाखवल्या. पहिल्या तीन अज्ञानाच्या आणि सॉफ्टवेअरच्या होत्या असे माझे मत आहे आणि फॅमिली कोडही बहुधा तसाच. पण या चारींनी मिळून जो पडदा तयार झाला त्याच्यामागे चुलतभावाचे खाते आरामात बसले होते, आणि ते अज्ञान नव्हते. सहामाहीतले स्वतः निवडलेले आणखी सहा दिवस मी याच रीतीने मांडून पाहिले. एप्रिलमधल्या दोन दिवशी G अधिक होता, जूनपासूनच्या चारही दिवशी उणे. फर्मच्या तक्त्यात सहाही दिवस अधिक.

१ नोव्हेंबरला कार्यालय बंद होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी मालक स्वतः माझ्याकडे आले. अहवाल मवाळ करा म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. विचारले की अहवाल जायच्या आत काय करता येईल. चुलतभावाचे सौदे बंद केले. त्याचे शेअर विकून २१ लाख आले. मालकांनी खानापूर रोडवरचा प्लॉट विकून ६० लाख ग्राहक खात्यात घातले. ते पैसे खरेच विक्रीचे आहेत का हे मी खरेदीखत आणि घेणाऱ्याच्या बँकेचा उतारा बघून तपासले, कारण एकदा ओडीचा पैसा बघून झाला होता. या दोन रकमांनी G ८१ ने सुधारून अधिक ८ वर आला. त्याने ३० सप्टेंबरचा आकडा बदलत नाही, तो अहवालात उणे ७८ च गेला. एक्स्चेंजने नंतर तपासणी लावली आणि दंड केला.

३१ मार्च २०२३ ला, तोही शुक्रवारच होता, मी पुन्हा मांडणी केली तेव्हा G अधिक ११ आला. टी+१ झाल्याने ओपन बिले एकाच दिवसाची उरली होती आणि ती दुरुस्ती ९ लाखांवर आली होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सेबीने ग्राहकांच्या पैशांवर नव्या बँक गॅरंट्या काढणे १ मेपासून बंद केले, जुन्या ३० सप्टेंबरपर्यंत मोडायला लावल्या. त्यानंतर जुलैपासून ग्राहकांचा पैसा रोजच्या रोज क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे वर पाठवायचा नियम आला, रोख, लियन केलेली एफडी किंवा ओव्हरनाइट फंडाची युनिटे या रूपात. त्या एफडीवर कर्ज काढता येत नाही. ग्राहकाने पैसे भरायचे खाते वेगळे, त्याला परत द्यायचे वेगळे. त्यामुळे संध्याकाळी बँकेत पडून राहणारा A आता अगदी थोडा असतो आणि ग्राहकांनी सोमवारी भरलेले पैसे मंगळवारी स्वतःच्या खात्यात नेणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

C मात्र आजही ब्रोकरच्या लेजरवरूनच येतो. म्हणून नव्या ब्रोकरकडे गेलो की मी पहिल्या दिवशी बँकेचा उतारा मागत नाही. ग्राहकांच्या शिलकांची यादी मागतो, प्रत्येक कोडची वेगळी, फॅमिली कोड बंद करून काढलेली, आणि तिच्यातल्या जमांची बेरीज स्वतः करतो.